पित्तनलिकेत खडा अडकला, तर जेवणातलं नेमकं काय पचायचं राहतं? (दहावी, विज्ञान)

वेंगुर्ल्याची_आई
मुलगी केंद्रीय बोर्डाच्या दहावीला आहे. सराव परीक्षेत तीन गुणांचा एक प्रश्न होता: "एका रुग्णाच्या पित्तनलिकेत खडा अडकल्याने पित्तरस लहान आतड्यात येणे पूर्ण बंद झाले. अन्नातील कोणत्या घटकावर सर्वाधिक परिणाम होईल? कारण द्या व दोन लक्षणे लिहा."

तिनं लिहिलं: "पित्तरसातील विकर न मिळाल्याने मेद पचणार नाहीत. अन्न आम्लधर्मीच राहिल्याने स्वादुपिंडातील विकरेही काम करणार नाहीत, म्हणून पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनेही पचणार नाहीत." लक्षणं लिहिलीच नाहीत. एक गुण मिळाला.

तक्ता तिला तोंडपाठ आहे. लाळेत अमायलेज, जठरात पेप्सिन, स्वादुपिंडात अमायलेज, ट्रिप्सिन, लायपेज, हे झोपेतून उठवलं तरी सांगेल. पण एक नळी बंद केली की पुढचं काय काय अडतं, हे तिला सांगता येत नाही आणि मलाही नाही. कुणी नीट समजावून सांगेल का? तिला आयतं उत्तर द्यायचं नाहीये, मला तिच्याशी बोलता यावं एवढंच हवंय.

बंदरावरचो_बाबू
माका वाटता चेडवान बरोबरच लिवल्यान. पित्त हाच चरबीचा एन्झाइम. आमका शाळेत तसाच शिकयलेला: पित्त चरबी पचयता. पित्त नाय तर चरबी अजिबात पचाची नाय, सगळी जशीच्या तशी भायर. एक गुण खंयचो कापलो ता मास्तरांकच विचारा.

तिरफळ
ताई, माझी सूचना. पित्ताचा त्रास मलाही आहे, सकाळी उठल्यावर आंबट पाणी तोंडाशी येतं. आमसुलाचं सार घेतलं की बरं वाटतं. मुलीच्या ओळखीत कुणाला त्रास असेल तर तिखलं, तळलेले मासे बंद करा आणि रात्री लवकर जेवा.

रात्रपाळी
तिरफळताई, तुम्ही सांगताय ते जठरातलं आम्ल वर येणं. इथला प्रश्न यकृतात तयार होणाऱ्या हिरवट-पिवळ्या रसाचा आहे, तो जठराच्या पुढे आतड्यात उतरतो. दोन्हींचा उगम वेगळा आणि कामही वेगळं. मात्र तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येत असेल, सोबत ताप असेल किंवा डोळे पिवळे दिसत असतील, तर सारावर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

पडवीतून
मी निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका आहे, राजापूरकडची. हा प्रश्न मला फार आवडला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलीच्या उत्तरातला पहिला शब्द दुरुस्त करायचा तो 'विकर'. पित्तरसात पचनाचं विकर नसतंच. त्यात पित्तक्षार, लेसिथिन, कोलेस्टेरॉल, रंगद्रव्यं आणि भरपूर पाणी असतं. मेदाचा रेणू तोडतं ते स्वादुपिंडातलं लायपेज. बाबू, तुमच्या शाळेतलं वाक्य निम्मं खरं आहे: पित्ताशिवाय मेदाचं पचन बिघडतं, पण तोडण्याचं काम पित्त करत नाही.

मग पित्त करतं काय? लायपेज पाण्यात विरघळलेलं असतं आणि तेल पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे लायपेजला तेलाच्या थेंबाच्या फक्त पृष्ठभागावर काम करता येतं, आत शिरता येत नाही. मुलीला हा हिशेब कागदावर करायला लावा. एक मिलिमीटर व्यासाचा तेलाचा थेंब घ्या. त्याचे एक मायक्रॉन व्यासाचे, म्हणजे हजारपट लहान, थेंब केले. तेल तेवढंच असल्यानं थेंब होतील १०० कोटी. प्रत्येकाचं क्षेत्रफळ मूळ थेंबाच्या दहा लाखांश. १०० कोटी भागिले दहा लाख, म्हणजे एकूण पृष्ठभाग १००० पट झाला. तेल तेवढंच, लायपेज तेवढंच, पण काम करायला जागा हजारपट. आतड्याची घुसळण थेंब फोडते आणि पित्तक्षार व लेसिथिन त्या बारीक थेंबांना पुन्हा एकत्र येऊ देत नाहीत. याला इमल्सीकरण म्हणायचं.

एक गंमत तक्त्यात नसते. पित्तक्षार थेंबावर इतके दाटीनं बसतात की लायपेजलाच बाजूला सारतात. म्हणून स्वादुपिंड कोलायपेज नावाचं एक छोटं प्रथिनही पाठवतं, ते लायपेजला थेंबावर धरून ठेवतं. परीक्षेत हे लिहायची गरज नाही, पण मुलीला सांगा, तिला आवडेल.

वेंगुर्ल्याची_आई
बाई, हिशेब आत्ताच तिच्याकडून करून घेतला. हजार आल्यावर तिनं दोनदा तपासला. पण मग तिचं दुसरं वाक्य? पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की पित्तरस आम्लधर्मी अन्नाला अल्कधर्मी करतो. पित्त नाही तर अन्न आम्लधर्मीच राहणार, आणि मग ट्रिप्सिन, अमायलेज बंद. तिचा तर्क मला तरी बरोबर वाटतो.

पडवीतून
तर्काची बांधणी बरोबर आहे, एक दुवा मात्र सुटलाय. जठरातून येणारं आम्ल शमवण्याचा मोठा भार स्वादुरस उचलतो. स्वादुपिंड दिवसाला साधारण एक ते दीड लिटर रस पाठवतं आणि त्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. आतड्याचं अस्तरही बायकार्बोनेट सोडतं. पित्ताचा यात हातभार आहे, पण फक्त पित्त बंद झालं म्हणून आतडं जठराइतकं आम्लधर्मी राहत नाही.

एक ताट डोळ्यांसमोर आणा: उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं तिखलं, वर सोलकढी. रुग्णानं हे खाल्लं. भातातल्या पिष्टाचं पचन तोंडात लाळेतल्या अमायलेजनं सुरू झालं. घास जठरात गेल्यावरही, आम्ल त्याच्या गाभ्यापर्यंत मुरेतो, ते काही काळ चालू राहतं. पुढे स्वादुपिंडाचं अमायलेज उरलेलं पिष्ट माल्टोज आणि छोट्या तुकड्यांपर्यंत आणतं. शेवटचा तुकडा आतड्याच्या अस्तरावर बसलेलं माल्टेज पाडतं आणि ग्लुकोज तिथल्या तिथे पेशीत शिरतं. यात पित्त कुठे आलं?

बांगड्याचं प्रथिन घ्या. जठरात पेप्सिननं त्याचे मोठे तुकडे केले. स्वादुपिंडातून ट्रिप्सिनोजेन निष्क्रिय रूपात येतं, आतड्याच्या अस्तरावरचं एंटेरोकायनेज त्याचं ट्रिप्सिन करतं आणि मग ट्रिप्सिन इतरांना जागं करतं. इथेही पित्ताशिवाय अडत नाही. भात पचला, बांगड्याचं मांस पचलं. अडलं ते बांगड्याचं तेल, फोडणीचं तेल आणि सोलकढीतल्या नारळाचं मेद.

शाळा_सुटली
मी सध्या शिकवते आणि पेपरही तपासते. बाईंचं म्हणणं मान्य, पण दहावीच्या मुलीनं पुस्तकातलं वाक्य धरून "ट्रिप्सिनवर थोडा परिणाम होईल" असं लिहिलं, तर मी गुण कापणार नाही. पुस्तक पित्ताची दोन कामं सांगतं, इमल्सीकरण आणि अन्न अल्कधर्मी करणं. मुलं तेच लिहिणार. "पिष्ट आणि प्रथिनं पचणारच नाहीत" हे मात्र चूक.

पडवीतून
'थोडा परिणाम' लिहिलं तर मीही देईन. पण प्रश्न 'सर्वाधिक परिणाम' विचारतो, तेव्हा उत्तरात मेद आधी आणि ठळक हवेत. सगळंच बंद पडतं असं लिहिणाऱ्या मुलाला प्रश्न कळलेला नाही, असं मी धरते.

शाळा_सुटली
मी मुलाचा तर्क बघते. इथे आपलं दोघींचं जमेल असं वाटत नाही.

कुळागर
माझं पित्ताशय दोन वर्षांपूर्वी खड्यांमुळे काढून टाकलं. हे सगळं वाचून धास्ती बसली. म्हणजे माझ्या पोटात मेद पचतच नाहीत? मी तर पावसाळा संपला की तारल्या, पेडवे आवडीनं खातो आणि काही होत नाही.

रात्रपाळी
दादा, घाबरू नका. पित्ताशय ही फक्त साठवणीची पिशवी. पित्त तयार करतं यकृत, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पिशवीत ते आटवून दाट करून ठेवलेलं असतं. मेद आतड्यात पोचले की तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात जातं, पिशवी आवळते आणि दाट पित्त एकदम आत येतं. तुमच्यात ही 'एकदम' येण्याची सोय गेली, पण नळी मोकळी आहे आणि पित्त सावकाश येतच राहतं. रोजच्या जेवणाला ते पुरतं. लग्नाच्या पंगतीत खूप तेलकट एकदम खाल्लं, तर काही जणांना जुलाब होतात, एवढंच. प्रश्नातल्या रुग्णाची पिशवी जाग्यावर असेल, पण त्याची नळी बंद आहे. त्याचा त्रास तुमच्याहून मोठा.

आणि लक्षणांबद्दल, कारण ती आम्ही वॉर्डात रोज बघतो. पित्त आतड्यात पोचलं नाही की मलाला त्याचा नेहमीचा तपकिरी रंग येत नाही, कारण तो रंग पित्तातल्या बिलिरुबिनपासून आतड्यात तयार होतो. मल फिकट, मातकट दिसतो. न पचलेल्या मेदामुळे तो तेलकट, चिकट, दुर्गंधी असतो, बरेचदा पाण्यावर तरंगतो आणि भांड्याला चिकटून बसतो. तेच बिलिरुबिन मागे रक्तात तुंबतं म्हणून डोळे आणि त्वचा पिवळी, लघवी चहासारखी गडद, अंगाला खाज. फिकट मल आणि गडद लघवी ही जोडी एकत्र दिसली की पहिला संशय नळी अडल्याचाच. कावीळ म्हटल्याबरोबर झाडपाल्याचं औषध घ्यायला धावणाऱ्यांना मी हे कळकळीनं सांगते: अडकलेला खडा पाल्यानं सुटत नाही, आणि तुंबलेल्या नळीत जंतू वाढले तर जिवावर बेततं.

बंदरावरचो_बाबू
ह्या बरा समाजला. पण माका एक सांगा. लायपेज तोडता आणि पित्त थेंब बारीक करता, तर दोघांतला खरा कामाचा कोण? पित्त नसताना लायपेज सावकाश का होयना, तोडतलाच मां? मगे सगळी चरबी भायर पडता असा मी म्हटलंय ता चुकीचा काय?

पडवीतून
बाबू, अगदी नेमका प्रश्न विचारलात. याचं उत्तर दोन प्राण्यांनी दिलंय.

फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी १८४० च्या दशकात सशावर निरीक्षण केलं. सशाच्या शरीरात एक सोय निसर्गानंच केलेली आहे: पित्ताची नळी जठराजवळ उघडते आणि स्वादुपिंडाची नळी तिच्यापासून वीतभराहून अधिक खाली. बर्नार यांनी मेद खाल्लेला ससा उघडून पाहिला. आतड्यातून शोषलेले मेद वाहून नेणाऱ्या बारीक लसिकावाहिन्या मेदानं दुधासारख्या पांढऱ्या झालेल्या होत्या, पण फक्त स्वादुपिंडाच्या नळीच्या खालच्या भागात. मधल्या भागात पित्त होतं, स्वादुरस नव्हता, आणि तिथे वाहिन्या पांढऱ्या नव्हत्या. म्हणजे नुसत्या पित्तानं भागत नाही.

पुढे त्याच शतकाच्या शेवटाकडे दास्त्र यांनी कुत्र्यात उलटं केलं. पित्ताची नेहमीची वाट बंद करून पित्ताशय आतड्याला बरंच खाली जोडलं. आता वरच्या भागात स्वादुरस होता, पित्त नव्हतं. वाहिन्या पांढऱ्या दिसल्या त्या पित्त मिसळल्यानंतरच्या भागात. म्हणजे नुसत्या स्वादुरसानंही नीट भागत नाही.

मुलीला ही दोन चित्रं शेजारी शेजारी काढायला सांगा, पाठ्यपुस्तकातला उतारा आपोआप लक्षात राहील.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: पित्त पूर्ण बंद झालं तरी सगळे मेद बाहेर पडत नाहीत. जठरातही थोडं लायपेज असतं, स्वादुपिंडाचं लायपेजही काही तोडतंच. साधारणपणे खाल्लेल्या मेदापैकी निम्म्यापर्यंत वाया जातात. म्हणून 'मेदाचे पचन व शोषण खूप कमी होईल' असं लिहावं, 'अजिबात होणार नाही' नको.

वेंगुर्ल्याची_आई
बाई, 'शोषण' शब्द तुम्ही मुद्दाम घातलात का? लायपेजनं तोडल्यावर पुढे रसांकुरातून आत जाणारच ना? ग्लुकोज जातं तसं.

पडवीतून
मुद्दाम घातला. पित्ताचं दुसरं, आणि माझ्या मते अधिक मोलाचं, काम इथेच आहे.

लायपेजनं एका मेदरेणूची दोन मेदाम्लं सुटी केली आणि मागे एक मोनोग्लिसराइड राहिलं. आता हे आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचायला हवं. भिंतीलगत पाण्याचा एक पातळ थर जवळजवळ स्तब्ध असतो. ग्लुकोज पाण्यात विरघळतं, ते हा थर सहज ओलांडतं. लांब साखळीचं मेदाम्ल पाण्यात विरघळत नाही, ते अलीकडेच अडतं. पित्तक्षार अशा मेदाम्लांभोवती जमून अतिसूक्ष्म गोळे करतात, मायसेल. ते मघाच्या एक मायक्रॉनच्या थेंबापेक्षाही शेकडोपट लहान. खाडीवर तरीची होडी असते ना, तसं हे मायसेल: प्रवासी भिंतीशी उतरवते आणि रिकामी होऊन परत दुसरे प्रवासी घ्यायला येते. मेदाम्लं पेशीत जातात, पित्तक्षार आतड्याच्या पोकळीतच राहतात. लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात त्यांतले सुमारे ९५ टक्के शोषले जातात, रक्तातून यकृतात जातात आणि पुन्हा पित्तात येतात.

आता पेशीच्या आत बघा. तिथे मेदाम्लं आणि मोनोग्लिसराइड पुन्हा जोडून मेद तयार होतात. इतक्या खटाटोपानं तोडलेलं परत जोडायचं कशाला, असं मुलं दरवर्षी विचारत. तोडलं ते पेशीच्या पटलातून आत घेण्यासाठी, जोडलं ते प्रवासासाठी बांधण्यासाठी. या मेदावर प्रथिनाचं आवरण चढून कायलोमायक्रॉन होतात. ते इतके मोठे की रसांकुरातल्या रक्तकेशिकेच्या भिंतीतून जाऊ शकत नाहीत. म्हणून ते रसांकुराच्या मधोमध असलेल्या लसिकावाहिनीत शिरतात.

ही वाहिनी पहिल्यांदा ओळखली ती इटलीत गास्पारे आसेल्ली यांनी, १६२२ साली. ते जिवंत कुत्र्यावर दुसरंच काही दाखवत होते. आतड्याच्या पडद्यावर पांढरे धागे दिसले, आधी त्यांना नसा वाटल्या. एक कापला तर दुधासारखा द्रव आला. दुसरा कुत्रा उपाशी होता, त्यात काहीच दिसलं नाही. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की याचा संबंध नुकत्याच झालेल्या जेवणाशी आहे.

अमेय_देवगड
बाई, मी फार्मसीला आहे. नारळातलं मेद मिडियम चेन असतं, त्याला ना पित्त लागतं ना लसिका, ते थेट यकृताच्या शिरेत जातं असं वाचलंय. मग खडा अडकलेल्या रुग्णाला सोलकढी पचेल की!

पडवीतून
दिशा बरोबर आहे, पण इतकं सरसकट नाही. आठ-दहा कार्बनच्या साखळ्या पाण्यात थोड्या तरी विरघळतात. त्यांना मायसेलची गरज कमी, आणि त्या बहुतांशी थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात शिरतात. म्हणूनच पित्त किंवा लसिकेचा अडथळा असलेल्या रुग्णांना तशी खास तेलं देतात. पण खोबरेल तेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल, बारा कार्बनचं. ते अगदी सीमेवर बसतं, काही रक्तातून, काही लसिकेतून. कुठल्या वाटेनं नेमकं किती जातं हे सोबत काय खाल्लं यावरही बदलतं. सोलकढी म्हणजे रुग्णालयातलं ते खास तेल नव्हे.

अमेय_देवगड
पण बाटलीवर तर सरळ मिडियम चेन लिहितात.

पडवीतून
लिहितात. साखळीची लांबी मोजून कुठला गट म्हणायचा यावर मतभेद आहेत. शोषण बघितलं तर मी लॉरिकला पूर्ण त्या गटात धरणार नाही.

रात्रपाळी
शोषणाचाच एक परिणाम वॉर्डातला. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं मेदाबरोबर मायसेलमधूनच जातात. नळी बरेच दिवस बंद राहिली की 'के' कमी पडतं, आणि 'के' नसलं की यकृताला रक्त गोठवणारे काही घटक नीट बनवता येत नाहीत. टोचलेल्या जागी रक्त लवकर थांबत नाही. अशा वेळी 'के' इंजेक्शननं देतात, कारण गोळी दिली तर तीही त्याच बंद वाटेवर अडणार. इंजेक्शननंतर गोठण्याची वेळ सुधारली, तर यकृत शाबूत आहे आणि अडचण शोषणाची होती असं डॉक्टर धरतात.

आणखी एक. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी बऱ्याच जणांत आतड्याच्या तोंडाशी एकत्र येतात. खडा अगदी त्या तोंडाशी बसला तर स्वादुपिंडालाही सूज येते, पाठीत जाणारी भयंकर कळ येते. मग बाईंनी सांगितलेलं भात-बांगड्याचं गणित बदलेल. प्रश्नात फक्त 'पित्तनलिका' म्हटलंय, म्हणून मुलीनं तेवढंच धरावं.

वेंगुर्ल्याची_आई
तिनं आत्ता स्वतः लिहिलेलं उत्तर जसंच्या तसं टाकते:

"सर्वाधिक परिणाम मेदावर होईल. पित्तरसात विकर नसते, पण पित्तक्षार मेदाचे बारीक थेंब टिकवतात, त्यामुळे लायपेजला जास्त पृष्ठभाग मिळतो. तसेच ते मेदाम्लांना रसांकुरांपर्यंत नेतात. पित्त नसल्याने मेदाचे पचन व शोषण दोन्ही कमी होईल. लक्षणे: फिकट, तेलकट मल, डोळे पिवळे होणे. नंतर मेद रसांकुरातून रक्तात जाऊन यकृतात पोहोचतात."

पडवीतून
शेवटचं वाक्य सोडून पूर्ण गुण. प्रश्नात ते विचारलेलंच नाही, आणि यकृताकडे आधी जातात ते ग्लुकोज आणि अमिनो आम्लं. कायलोमायक्रॉन लसिकेतून छातीतल्या मोठ्या लसिकानलिकेत चढतात आणि मानेच्या तळाशी डाव्या बाजूच्या शिरेत रक्ताला मिळतात, म्हणजे यकृताला वळसा घालून. तिला आता आकृती काढायला सांगा: एका रसांकुरात दोन वाटा, कडेनं रक्तकेशिका आणि मधून लसिकावाहिनी, आणि कुठल्या वाटेनं भात, कुठल्या वाटेनं बांगड्याचं तेल, हे बाणांनी दाखव म्हणावं.

बंदरावरचो_बाबू
बाई, त्या सशाचो भाग परत एकदा सांगशात काय? माझ्या झिलाक वाचून दाखवतंय, तो इचारता की सशाक पित्त आणि स्वादुरस इतक्या लांब लांब कित्याक दिलेलो.

पडवीतून
सशाच्या आहारात मेद फारच थोडे, त्यामुळे या अंतरानं त्याचं अडत नाही, एवढं मी सांगू शकते. ती रचना तशी का झाली याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. मुलाला म्हणावं, प्रश्न वहीत लिहून ठेव.